वॉरंटी, गॅरंटी आणि सर्व्हिस: फ्रिज-मोबाइल घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी चौदा वर्षं बसलो. आता त्या कामात नाही, पण सोसायटीतले, नात्यातले आणि त्यांच्या ओळखीचे लोक अजून प्रश्न पाठवतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात आणि सगळ्यात जास्त येतो तो चौथा. घाई असेल तर आधी तोच वाचा.

१. वॉरंटी आणि गॅरंटी यात नेमका फरक काय?

बाजारात रुळलेला अर्थ असा: गॅरंटी म्हणजे वस्तू बिघडली तर बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. पंख्याच्या किंवा ट्यूबच्या दुकानात हा अर्थ अजून चालतो. फ्रिज आणि मोबाइल मात्र जवळजवळ नेहमी वॉरंटीवरच विकले जातात, म्हणजे पहिला हक्क दुरुस्तीचा.

कायद्यातला अर्थ याहून वेगळा आहे. १८७२ च्या करार कायद्यात 'गॅरंटी' म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणं, वस्तूशी तिचा संबंध नाही. 'वॉरंटी' येते १९३० च्या मालविक्री कायद्यात. तिथे ती दुय्यम हमी आहे: मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण तेवढ्यावरून वस्तू परत करता येत नाही. वस्तू ज्या मूळ कामासाठी घेतली ते कामच ती करत नसेल, तर मात्र 'शर्त' मोडली असं धरतात आणि व्यवहार नाकारता येतो. पहिल्या दिवसापासून थंड न होणारा फ्रिज या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

म्हणून खोक्यावर कोणता शब्द मोठ्या अक्षरात छापलाय यावर जाऊ नका. कार्डात चार गोष्टी शोधा: हमी कोण देतंय, कुठल्या भागावर, किती काळ, आणि मजुरी कोणाच्या खिशातून.

२. दुकानदार म्हणाला, "साहेब, काही झालं तर माझी गॅरंटी." हे धरून बसता येईल का?

बिलावर लिहून घेतलंत तर येईल. 'सात दिवसांत बिघाड आल्यास बदलून देऊ' एवढी एक ओळ, सही आणि शिक्का पुरे. अनेक दुकानदार आनंदाने लिहून देतात. जो नाही म्हणतो, त्याच्या तोंडी गॅरंटीची किंमत तुम्हाला तिथेच कळते.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का बिलावर असला तरी सदोष माल त्यात येत नाही. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. रंग आवडला नाही म्हणून परत करायला गेलात तर हे कलम मदतीला येणार नाही.

३. मग विक्रीनंतरची सेवा म्हणजे काय? वॉरंटी संपली की तीही संपते का?

नाही. वॉरंटी हा पैशाचा प्रश्न आहे, म्हणजे खर्च कोण करणार. सेवा म्हणजे माणूस, सुटे भाग आणि ठिकाण: तुमच्या भागात सेंटर आहे का, तंत्रज्ञ किती दिवसांनी येतो, सात वर्षांनी दरवाजाच्या कडेचं रबर, म्हणजे गॅसकेट, मिळतं का. वॉरंटी संपल्यावरही सेवा मिळते, फक्त पैसे मोजून. उलट, कागदावर कडक वॉरंटी आणि भाग यायला महिना, असंही होतं.

घेण्याआधी दुकानात न विचारता शेजाऱ्यांना विचारा. तुमच्याच पिन कोडमध्ये त्या कंपनीचा माणूस किती दिवसांत आला, याचं खरं उत्तर त्यांच्याकडेच मिळतं.

४. माझ्या फ्रिजवर '१० वर्षांची वॉरंटी' असा स्टिकर आहे. चौथ्या वर्षी बिघडला तर पैसे का मागतात?

कारण ती दहा वर्षं फ्रिजची नसतात, कॉम्प्रेसरची असतात. त्याच स्टिकरवर खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. साधारण पद्धत अशी की पूर्ण फ्रिजवर १ वर्ष आणि कॉम्प्रेसरवर १० वर्षं. कॉम्प्रेसर म्हणजे मागे तळाशी बसवलेला काळा डबा, गॅस दाबून फिरवणारा. आतला पंखा, थर्मोस्टॅट, डिफ्रॉस्ट हीटर, गॅसकेट, नळ्या आणि नळ्यांतला गॅस यांची हमी बहुतेक कार्डांत पहिल्या वर्षाबरोबर संपते. इन्व्हर्टर फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारं सर्किट बोर्डही अनेकदा त्या दहा वर्षांत नसतं. त्याचा उल्लेख कार्डात वेगळा शोधावा लागतो.

आणि कॉम्प्रेसर खरोखर गेला, तरी बहुतेक कार्डांत फक्त तो डबा फुकट असतो. माझ्या बहिणीच्या घरचं उदाहरण सांगतो. फ्रिज साडेतीन वर्षांचा, कॉम्प्रेसर जळाला. कंपनीने नवा दिला, किंमत शून्य. पण हातात आलेल्या बिलावर होतं: भेट शुल्क ५०० रुपये, कॉम्प्रेसर बसवण्याची मजुरी १,२०० रुपये, गॅस आणि फिल्टर ड्रायर १,८०० रुपये. बेरीज ३,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. एकूण ४,१३०. बहीण म्हणाली, "दादा, फुकट म्हणाले होते ना?" मी कार्ड उघडून पाहिलं. मजुरी, गॅस आणि प्रवास ग्राहकाकडे, असं त्यात स्पष्ट होतं. कंपनीने काही लपवलं नव्हतं. दुकानात सांगितलं मात्र कोणीच नव्हतं.

यातला गॅस का चुकत नाही तेही समजून घ्या. कॉम्प्रेसर बदलायचा तर नळी कापावी लागते, आणि नळी कापली की गॅस जातो. ड्रायर नळीतला ओलावा शोषतो, तो एकदा हवेला उघडा पडला की निकामी होतो, म्हणून तोही नवा टाकतात. तेव्हा हे दोन खर्च खोटे नसतात. वाद घालायचा असेल तर मजुरीच्या रकमेवर घाला. कंपनीचं छापील दरपत्रक मागा, तंत्रज्ञाकडे मोबाइलवर ते असतं.

घेताना दुकानात एकच प्रश्न विचारा: "दुसऱ्या वर्षानंतर कॉम्प्रेसर गेला तर मला एकूण किती भरावे लागतील?"

५. कॉम्प्रेसरच गेलाय हे मला कसं कळणार? तंत्रज्ञ म्हणेल ते ऐकायचं का?

प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण बिघाड कॉम्प्रेसरमध्ये निघाला तर दहा वर्षांची हमी लागू, दुसरीकडे निघाला तर नाही. पूर्ण निदान घरी होत नाही, पण अंदाज बांधता येतो.

फ्रिज चालू ठेवा आणि मागे कान लावा. एकसारखी घरघर ऐकू येते, डबा कोमट आहे, पण थंडावा नाही, किंवा फ्रीजरच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय: असं असेल तर बहुधा गॅस गळालाय किंवा नळी चोंदलीय. कॉम्प्रेसर ठीक आहे. दर काही मिनिटांनी 'टक्' होऊन घरघर सुरू होते आणि लगेच बंद पडते: यात कॉम्प्रेसर अडकलेला असू शकतो, पण रिले किंवा ओव्हरलोड प्रोटेक्टर हा छोटा स्वस्त भागही गेलेला असू शकतो. विजेचा दाब कमी असला तरी असंच होतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वर बर्फ कडक आणि खालचं दूध नासतंय, तर डिफ्रॉस्ट हीटर, सेन्सर किंवा पंखा पाहावा लागतो. तिथे कॉम्प्रेसरचा काही दोष नसतो.

तंत्रज्ञाने "कॉम्प्रेसर गेला" म्हटलं, तर त्याला प्लग काढून मल्टिमीटरने मोजून दाखवायला सांगा. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला तीन टोकं असतात. त्यांच्या तीन जोड्यांचे तीन आकडे येतात, आणि सगळ्यात मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका यायला हवा. इन्व्हर्टरचे तिन्ही आकडे जवळपास सारखे येतात. एखादी जोडी काहीच दाखवत नसेल किंवा टोक आणि डब्याचं लोखंड यांच्यात जोडणी दिसत असेल, तर आतल्या मोटरची तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, खरंच गेलंय. आकडे बरोबर असूनही आतले यांत्रिक भाग अडकू शकतात. अशा वेळी रिले बदलून एकदा चालवून बघितलं का, ते विचारा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि चांगला तंत्रज्ञ ते आपणहून दाखवतो.

एक काळजी घ्या. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए गॅस असतो. तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा. मागच्या पट्टीवर गॅसचं नाव असतं, ते वाचा. बंद स्वयंपाकघरात नळीला ज्योत लावून जोडकाम करू देऊ नका. खिडक्या उघड्या हव्यात आणि गॅसची शेगडी बंद.

६. तंत्रज्ञ घरी आल्यावर कोणते कागद घ्यायचे?

जॉब शीट. त्यावर तारीख, तक्रार क्रमांक, फ्रिजचा अनुक्रमांक, सापडलेला दोष आणि बदललेला भाग हवा. कॉम्प्रेसर बदलला असेल तर जुन्याचा आणि नव्याचा, दोन्ही क्रमांक लिहून घ्या. जुना भाग वॉरंटीत बहुधा कंपनी घेऊन जाते, त्याचा फोटो आधीच काढा. बदललेल्या भागाला नवी दहा वर्षं मिळत नाहीत. बहुतेक ठिकाणी मूळ मुदतीतलं जे उरलंय तेच चालू राहतं.

तक्रार बंद करायला मोबाइलवर एक कोड येतो, काही जण त्याला हॅपी कोड म्हणतात. तो काम झाल्याशिवाय देऊ नका. "भाग उद्या येईल, तोवर कोड द्या, माझं आजचं टार्गेट आहे," असं म्हणणाऱ्या मुलाची अडचण खरी असते, मी ती जवळून पाहिली आहे. पण कोड दिलात की नोंदीत तुमचा फ्रिज दुरुस्त झालेला असतो. दुसऱ्या दिवशी फोन केलात तर नवीन तक्रार आणि पुन्हा शून्यापासून.

कस्टमर केअरचा नंबर कार्डावरून किंवा कंपनीच्या ॲपवरूनच घ्या. शोधून सापडलेले कितीतरी नंबर भामट्यांचे निघतात. ते पाच-दहा रुपये नोंदणी शुल्क मागतात, एखादं ॲप टाकायला लावतात आणि खातं रिकामं करतात. पैसे गेलेच तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

७. मोबाइलची वॉरंटी कुठल्या तारखेपासून धरतात?

काही कंपन्या बिलाच्या तारखेपासून, काही फोन पहिल्यांदा सुरू झाल्याच्या तारखेपासून. दुकानात डेमोसाठी सुरू केलेला किंवा आधी विकून परत आलेला फोन हातात पडला, तर तुमच्या बारा महिन्यांतले काही आधीच गेलेले असतात. म्हणून सीलबंद खोका स्वतः उघडा, `*#06#` दाबून येणारा आयएमईआय खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा, आणि कंपनीच्या साइटवर वॉरंटीची शेवटची तारीख तिथल्या तिथे पाहा. क्रमांकाची खातरजमा `KYM`, मग एक जागा सोडून आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ ला पाठवूनही होते.

फोनवर साधारण १ वर्ष असतं. खोक्यातल्या चार्जर आणि केबलवर अनेकदा फक्त ६ महिने.

८. फोन 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतला. पावसात भिजला आणि वॉरंटी नाकारली. हे कसं?

दरवर्षी जुलैत हा प्रश्न येतो. आयपी६८ हा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा दर्जा आहे, ठरावीक खोलीवर आणि ठरावीक वेळ गोड्या पाण्यात. नवीन फोनची ती क्षमता असते. वापराने, पडण्याने आणि एकदा स्क्रीन उघडण्याने कडेचं सील कमजोर होतं. वॉरंटीच्या अटींत मात्र पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक सगळ्याच कंपन्या वगळतात, आयपी६८ असला तरी.

सेंटरवाले सिमच्या खाचेत टॉर्च मारतात. आत छोटा पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. तो लाल झाला की काउंटरवरचा माणूस फार काही करू शकत नाही. पण ठिपका पांढरा आहे आणि तरी 'पाणी गेलंय' म्हणतात, तर फोन तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बोर्डवर गंजाचा डाग कुठे आहे त्याचा फोटो घ्या. पडून फुटलेली स्क्रीन हाही वॉरंटीचा विषय नाही. त्यासाठी वेगळं अपघात संरक्षण विकत घ्यावं लागतं.

फोन द्यायच्या आधी डेटा उतरवून ठेवा. दुरुस्तीत तो पुसला गेल्यास कंपनी जबाबदारी घेत नाही.

९. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

फ्रिजसाठी, कंपनीची स्वतःची असेल आणि त्यात गॅस, मजुरी आणि सर्किट बोर्ड स्पष्ट लिहिलेलं असेल, तर माझं मत हो. दुकानाच्या किंवा तिसऱ्याच कंपनीच्या योजनेत वर्षागणिक घसारा कापतात का ते आधी पाहा. पावतीवर कोणाचं नाव आहे तेही पाहा, कारण दावा त्यांच्याकडेच जाणार. फोनसाठी मी स्वतः घेत नाही. फोन बहुतेक वेळा पडून किंवा भिजून बिघडतो, आणि साधी वाढीव वॉरंटी ते दोन्ही वगळते (प्रश्न ८).

१०. बिल हरवलंय. वॉरंटी गेली का?

दुकानदाराकडे नक्कल मागा. जीएसटी बिल असेल तर त्याच्या नोंदीत ते सापडतं. शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड नसलं तरी बहुतेक कंपन्या बिलावर काम चालवतात. हरवण्यापेक्षा जास्त वेळा होतं ते दुसरंच: बिल थर्मल कागदावर असतं आणि दोन वर्षांत कागद कोरा पडतो. दहा वर्षांच्या हमीचा पुरावा दोन वर्षं टिकणाऱ्या कागदावर! घरी आल्या आल्या फोटो काढा आणि तो स्वतःला मेल करा.

बिलाशिवाय स्वस्तात घेतलेल्या फोनला यातलं काहीच लागू होत नाही.

११. वॉरंटी संपायला चार दिवस असताना तक्रार केली, माणूस दहा दिवसांनी आला. आता पैसे मागतोय.

देऊ नका. तक्रार कधी नोंदवली ते महत्त्वाचं, भेट कधी झाली ते नाही. फोनवर नुसतं बोलून थांबू नका, तक्रार क्रमांकाचा एसएमएस मिळवा आणि तो जपून ठेवा. म्हणूनच अकराव्या महिन्यात एकदा फ्रिज नीट तपासून घ्यावा. दरवाजाच्या फटीत नोट धरून दार लावा. नोट सहज निसटली तर गॅसकेट सैल आहे, आणि ते आत्ता फुकट बदलून मिळेल.

१२. मी घरून डबे देते. कंपनी म्हणते, व्यावसायिक वापर, वॉरंटी नाही.

घरगुती फ्रिजच्या कार्डात व्यावसायिक वापर वगळलेला असतो, त्यामुळे कंपनीकडे बोट ठेवायला जागा आहे. पण ग्राहक कायद्यात, स्वतःच्या रोजगारातून उपजीविका करण्यापुरतीच वस्तू वापरणारी व्यक्ती 'ग्राहक'च राहते. म्हणजे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. घरच्याच स्वयंपाकघरातला फ्रिज घरासाठी आणि डब्यांसाठी मिळून वापरत असाल, तर जॉब शीटवर 'व्यावसायिक वापर' असा शेरा असताना सही करू नका. आपलं म्हणणं त्याच कागदावर लिहा.

१३. घरात पावसाचं पाणी शिरलं आणि फ्रिज बुडाला.

पूर वॉरंटीत नसतो. असेल तर घरगुती विमा. प्लग लावून बघू नका, आधी सुकवून तपासून घ्या.

१४. तीनदा दुरुस्त केला, तोच बिघाड परत येतो. बदलून मिळेल का?

'तीन वेळा झालं की बदली' असा नियम कायद्यात नाही, लोक तसं समजून चालतात. पण तोच दोष पुन्हा पुन्हा येणं हा वस्तूच सदोष असल्याचा पुरावा आहे, आणि आयोग बदली किंवा परतावा देऊ शकतो. पुरावा म्हणजे प्रश्न ६ मधल्या जॉब शीट.

आधी कंपनीला मेल करा: तिन्ही तारखा, तिन्ही तक्रार क्रमांक, आणि १५ दिवसांत बदली किंवा परतावा हवा अशी स्पष्ट मागणी. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझ्या अनुभवात फ्रिज-मोबाइलच्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात, कारण ती तक्रार कंपनीच्या वरच्या टेबलावर जाते. मुंबई ग्राहक पंचायतही मार्गदर्शन करते, त्यांचं काम १९७५ पासून चालू आहे.

तेवढ्याने झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू कुठेही घेतली असली तरी तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत, कारण घडल्यापासून २ वर्षं. दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर सुनावणीत एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दोष तपासणीशिवाय सिद्ध होणार नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तेव्हा तक्रार दाखल केल्यावर तो फ्रिज किंवा फोन बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. सील तुटलेलं सापडलं तर समोरचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.